रजिस्टरात तारीख बरोबर आहे, ऑनलाइन नोंद तिच्याप्रमाणे करा: मुलीच्या शाळेस खुले पत्र

प्रति,
मा. मुख्याध्यापक
आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
तालुका तासगाव, जिल्हा सांगली.

विषय: इयत्ता पहिलीतील विद्यार्थिनीच्या ऑनलाइन प्रवेश नोंदीत चुकीची पडलेली जन्मतारीख दुरुस्त करण्याबाबत.

महोदय,

सविनय सादर की, माझी मुलगी शैक्षणिक वर्ष २०२५-२६ मध्ये आपल्या शाळेत इयत्ता पहिलीत दाखल झाली आहे. तिची जन्मतारीख ८ नोव्हेंबर २०१९ ही आहे. शाळेच्या ऑनलाइन प्रवेश नोंदीत मात्र ती ११ ऑगस्ट २०१९ अशी पडली असून, तीच चुकीची तारीख पुढे यू-डायस प्लस या शाळा व विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतील तिच्या नोंदीतही गेली आहे. ही ऑनलाइन नोंद शाळेच्या जनरल रजिस्टरप्रमाणे दुरुस्त करून मिळावी, अशी माझी विनंती आहे. हे पत्र मी खुले लिहीत आहे, कारण चूक ज्या रीतीने झाली ती पाहता ती माझ्या एकट्या मुलीच्या बाबतीत झालेली असणे जवळपास अशक्य आहे. शाळेवर ठपका ठेवण्याचा माझा हेतू नाही, म्हणूनच शाळेचे नाव मी येथे लिहिलेले नाही.

प्रथम कागदपत्रांविषयी. मुलीचा जन्म मिरजेतील रुग्णालयात झाला आणि जन्माचा दाखला सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेने दिलेला आहे. त्यावर जन्मदिनांक ८ नोव्हेंबर २०१९ आहे. तिचे आधार कार्ड याच दाखल्यावरून काढलेले असल्याने त्यावरही तीच तारीख आहे. प्रवेश अर्जात मी जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी दोन्ही प्रकारे भरली होती व सोबत जन्मदाखल्याची साक्षांकित प्रत जोडली होती. आपल्या कार्यालयाने जनरल रजिस्टर माझ्यासमोर उघडून दाखवले, तेव्हा तिच्या नावासमोर निळ्या शाईत, स्वच्छ अक्षरात, ‘आठ नोव्हेंबर दोन हजार एकोणीस’ असे लिहिलेले मी स्वतः वाचले आहे. त्या ओळीत कुठे खाडाखोड नाही, गिरवलेले नाही. म्हणजे जन्मदाखला, आधार, प्रवेश अर्ज आणि जनरल रजिस्टर या चारही ठिकाणी एकच तारीख आहे आणि फक्त संगणकातील नोंद वेगळी आहे. या एका गोष्टीवर पुढचे सगळे अवलंबून असल्याने ती मी सुरुवातीलाच स्पष्टपणे मांडत आहे.

चूक उघडकीस आली ती आधार पडताळणीच्या वेळी. यू-डायस प्लसमध्ये विद्यार्थ्याचे नाव, लिंग आणि जन्मतारीख आधारमधील माहितीशी जुळल्याशिवाय पडताळणी पूर्ण होत नाही आणि ती झाल्याशिवाय अपार क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक, तयार होत नाही. माझ्या मुलीची नोंद जुळली नाही, तेव्हा मला शाळेतून निरोप आला की, आधारवरची तारीख चुकलेली दिसते, ती बदलून आणावी. मी आधार आणि दाखला घेऊन कार्यालयात आले व दोन्हींवरील तारीख एकच असल्याचे दाखवले. त्यावर मला प्रतिज्ञापत्र करण्याचा आणि गरज पडल्यास राजपत्रात जन्मतारीख बदलाची जाहिरात देण्याचा सल्ला मिळाला. हा सल्ला चांगल्या भावनेने दिला गेला, याविषयी मला शंका नाही. तथापि, तो या प्रकरणाला लागू पडत नाही. का, ते सांगण्याआधी चूक कशी झाली हे सांगणे आवश्यक आहे, कारण कारण कळले की उपायही आपोआप स्पष्ट होतो.

मी तासगावात बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेबाचे काम करते. माल कोणत्या तारखेला आत आला आणि कोणत्या तारखेला बाहेर गेला यावर भाडे ठरत असल्याने तारखांचे तक्ते हे माझे रोजचे काम आहे. आपल्या लिपिकांनी मोठ्या मनाने प्रवेशाचा एक्सेल तक्ता संगणकावर उघडून दाखवला, तेव्हा जन्मतारखेच्या रकान्यातील एक गोष्ट माझ्या लगेच लक्षात आली. काही तारखा चौकटीच्या डाव्या कडेला चिकटलेल्या होत्या आणि काही उजव्या कडेला. डावीकडच्या सगळ्या तारखा तेरा किंवा त्यापुढच्या दिवसांच्या होत्या. उजवीकडच्या सगळ्या तारखांमध्ये दिवसाचा आकडा बारा किंवा त्याहून लहान होता, आणि त्यांच्या आधीची शून्येही गेलेली होती. माझ्या मुलीची तारीख उजवीकडे होती आणि `08/11/2019` असे टाइप केलेले असूनही पडद्यावर `8/11/2019` असे दिसत होते.

याचा अर्थ असा होतो. संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये अमेरिकन पद्धत निवडलेली असेल, तर एक्सेल पहिला आकडा महिना म्हणून आणि दुसरा आकडा दिवस म्हणून वाचतो. आपण आठ तारीख, अकरावा महिना म्हणून `08/11/2019` टाइप केले की तो आठवा महिना, अकरावी तारीख असा अर्थ घेऊन ती तारीख आत साठवतो. एक्सेल तारीख अक्षरांत साठवत नाही. १९०० सालापासून मोजलेल्या दिवसांच्या क्रमांकात ती साठवतो. ८ नोव्हेंबर २०१९ चा क्रमांक ४३७७७ आहे आणि ११ ऑगस्ट २०१९ चा ४३६८८. तक्त्यात माझ्या मुलीच्या नावासमोर आत दुसरा क्रमांक बसला आहे, परंतु पडद्यावर तो `8/11/2019` असाच दिसतो, त्यामुळे टाइप करणाऱ्याला आपण लिहिले तेच समोर आहे असे वाटते. मूळ अर्ज हातात धरून पुन्हा ताडून पाहिले तरी आकडे तेच दिसणार. म्हणून या चुकीबद्दल लिपिकांना निष्काळजी म्हणणे अन्यायाचे होईल. ती पडद्यावर दिसतच नाही.

याउलट, एखाद्या मुलाची तारीख `23/11/2019` असेल तर तेविसावा महिना नसल्याने एक्सेलला ती तारीख म्हणून समजत नाही. तो ती नुसता मजकूर म्हणून जशीच्या तशी ठेवतो आणि मजकूर असल्यामुळे डावीकडे लावतो. हा तक्ता जेव्हा शाळेच्या प्रवेशाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवला गेला, तेव्हा मजकूर म्हणून राहिलेल्या तारखा आपल्या पद्धतीने, आधी दिवस व मग महिना अशा बरोबर वाचल्या गेल्या. उजवीकडच्या तारखा मात्र आतल्या क्रमांकावरून आपल्या पद्धतीत लिहिल्या गेल्या आणि तिथे ८ नोव्हेंबरचे ११ ऑगस्ट झाले. तिथून निघालेल्या यादीवरून यू-डायस प्लसमध्ये नोंदी भरल्या गेल्या. त्यामुळे तक्त्यात न दिसणारी चूक यादीत छापून आली, आणि तोवर मूळ अर्ज फाइलला लागलेले होते.

आता इतर मुलांविषयी. वर्षातल्या प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा तारखांना दिवस आणि महिना यांची अशी अदलाबदल होऊ शकते. अशा तारखा वर्षाला १४४ होतात. त्यांतल्या ५ मे किंवा ९ सप्टेंबर यांसारख्या, म्हणजे दिवस आणि महिना यांचा आकडा एकच असलेल्या बारा तारखा उलटल्या तरी त्याच राहतात. त्या वजा केल्या तर १३२ तारखा उरतात, म्हणजे वर्षाच्या एक तृतीयांशाहून थोड्या जास्त. चाळीस मुलांच्या वर्गात साधारण चौदा मुलांच्या तारखा अशा बदललेल्या असण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात कमी असतील किंवा जास्त, पण एकच असेल असे मानता येत नाही. ज्या मुलांचा आधार क्रमांक अजून प्रणालीत भरलेलाच नाही, त्यांची पडताळणीच झालेली नसल्याने त्यांच्या पालकांना या चुकीची कल्पनाही नसेल. त्यांच्यासाठी आपण आपणहून यादी तपासावी, ही माझी दुसरी विनंती आहे आणि ती मी पहिलीइतक्याच आग्रहाने करत आहे.

ही तपासणी अवघड नाही. जन्मतारीख डी रकान्यात असेल, तर शेजारच्या मोकळ्या रकान्यात पुढील सूत्र लिहून ते खालपर्यंत ओढावे.

```
=TEXT(D2,"dd-mmmm-yyyy")
```

ज्या तारखा एक्सेलने तारीख म्हणून साठवल्या आहेत, त्यांचा महिना या सूत्राने अक्षरांत उमटतो. माझ्या मुलीच्या ओळीत `11-August-2019` असे दिसेल. जी तारीख मजकूर म्हणून राहिली आहे ती आहे तशीच दिसेल. महिना अक्षरांत उमटला की जनरल रजिस्टरातील अक्षरी तारखेशी तो डोळ्यांनी ताडता येतो आणि फरक लपून राहत नाही. मात्र, सगळ्या तारखांमधले दिवस आणि महिना सूत्रानेच सरसकट उलटवून टाकण्याचा मोह टाळावा, असे मी आवर्जून सुचवते. तक्ता दोन वेगळ्या संगणकांवर भरला गेला असेल, तर काही तारखा आधीच बरोबर असतील आणि सरसकट उलटवताना त्या बिघडतील. प्रत्येक नाव रजिस्टरासमोर धरूनच दुरुस्ती व्हावी. यासाठी एका शिक्षकाने रजिस्टर वाचायचे आणि दुसऱ्याने पडद्यावर पाहायचे एवढेच करावे लागेल, आणि एका वर्गाचे काम एका दुपारी सहज होईल.

प्रणालीने ही चूक प्रवेशाच्या वेळीच का पकडली नाही, असा प्रश्न समितीच्या एका सदस्यांनी मला विचारला होता. त्याचे उत्तर असे की, या अदलाबदलीत वर्ष बदलत नाही. आपल्या राज्यात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण असावी लागतात. ही तारीख २०२० च्या शासन निर्णयाने ठरली. त्यापूर्वी ती ३० सप्टेंबर होती. माझी मुलगी ८ नोव्हेंबरला जन्मलेली असो वा ११ ऑगस्टला, ३१ डिसेंबर २०२५ रोजी तिला सहा वर्षे पूर्ण होतातच. त्यामुळे वयाच्या तपासणीत दोन्ही तारखा सारख्याच बसतात. याच कारणाने मी आणखी एका शंकेचेही निरसन करू इच्छिते. जन्मतारखेत बदल मागणारा पालक काही सवलत साधू पाहतो आहे की काय, असे शाळेला वाटणे स्वाभाविक आहे, कारण पूर्वी अशी प्रकरणे घडलेली असतात. या प्रकरणात मला तारखेचा कोणताही लाभ नाही. जुना ३० सप्टेंबरचा नियम असता, तर उलट चुकीची तारीखच माझ्या सोयीची ठरली असती.

आता प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि आधारबदल यांविषयी.

माध्यमिक शाळा संहितेतील नियम २६ मध्ये जनरल रजिस्टरातील नाव, जात, जन्मतारीख इत्यादी नोंदी बदलण्यावर बंधने घातलेली आहेत आणि अशा बदलासाठी शिक्षण विभागाची पूर्वपरवानगी लागते, हे मला माहीत आहे. प्राथमिक वर्गांतही रजिस्टरातील नोंद शाळेने आपल्या मर्जीने बदलू नये, हे तत्त्व पाळले जाते आणि ते योग्यच आहे. पण ही बंधने रजिस्टरातील नोंद बदलण्यावर आहेत. मी रजिस्टरातील एकही अक्षर बदलण्याची मागणी करत नाही. रजिस्टर बरोबर आहे, आणि त्यातून नक्कल करताना संगणकात चूक झाली आहे. राजपत्रातील जाहिरात किंवा प्रतिज्ञापत्र हे तारीख बदलायची असते तेव्हाचे कागद आहेत. माझी मुलगी कोणतीही तारीख बदलत नाही. तिने उद्या ‘जन्मतारखेत बदल’ अशी जाहिरात दिली, तर जो बदल झालाच नाही त्याचा एक कायमचा सरकारी पुरावा तयार होईल आणि पुढे कोणत्याही कार्यालयात तिला त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागेल. चूक नसलेल्या कागदाला दुरुस्तीचा कागद जोडला की खरा कागदही संशयास्पद दिसू लागतो. म्हणून मी ते दोन्ही नम्रपणे नाकारत आहे.

आधार बदलण्याचा मार्ग तर अधिकच घातक आहे. आधारमधील जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच दुरुस्त करता येते. मुलीच्या आधारवरील बरोबर तारीख शाळेच्या चुकीच्या नोंदीशी जुळवण्यासाठी बदलली, तर ती एकमेव संधी चुकीच्या कामी खर्च होईल आणि आधार तिच्या जन्मदाखल्याशी विसंगत होईल. शिवाय अशा दुरुस्तीसाठी पुरावा म्हणून जन्मदाखलाच मागितला जातो, आणि त्यावर ८ नोव्हेंबर असताना ११ ऑगस्ट कोणत्या आधारे लिहून घ्यायचे? ज्या पालकांना असा निरोप गेला असेल, त्या सर्वांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, आधी शाळेत जाऊन जनरल रजिस्टरातील आपल्या पाल्याची ओळ वाचा. ती जन्मदाखल्याप्रमाणे असेल तर आधारला हात लावू नका.

एखाद्या मुलाच्या बाबतीत रजिस्टरातच चुकीची तारीख लिहिली गेली असेल, तर ते प्रकरण वेगळे आहे. तिथे परवानगीचा मार्गच घ्यावा लागेल, आणि त्या ओळीवर पांढरी शाई फिरवून किंवा वरून गिरवून दुरुस्ती करणे हे त्या मुलाचेच नुकसान ठरेल. मूल शाळेत शिकत असतानाच पालकांनी अर्ज द्यावा. शाळा सोडल्यानंतर हा मार्ग बराच अरुंद होतो आणि उघड दिसणाऱ्या लेखनदोषापुरताच उरतो.

माझ्या मुलीच्या बाबतीत अपेक्षित असलेली कार्यवाही त्या मानाने सोपी आहे. जनरल रजिस्टरातील तिच्या नोंदीचा उतारा, म्हणजे प्रवेश-निर्गम उतारा, आपल्या सही-शिक्क्याने काढावा आणि त्याच्या आधारे प्रथम शाळेच्या प्रवेशाच्या सॉफ्टवेअरमधील तारीख बरोबर करावी. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण तिथली तारीख तशीच राहिली तर पुढच्या वर्षी तिथून निघणाऱ्या याद्यांमध्ये ती पुन्हा येईल. त्यानंतर यू-डायस प्लसमध्ये तिची नोंद उघडावी. आधारशी पडताळणी झालेली नसल्याने तो रकाना शाळेच्या लॉगिनमध्ये खुला असेल, तर तिथेच दुरुस्ती करावी. तो बंद असेल, तर रजिस्टरचा उतारा आणि जन्मदाखल्याची प्रत जोडून गटशिक्षणाधिकारी कार्यालयाकडे आपले पत्र जावे. या पत्रात ‘जन्मतारीख बदलणे’ असा शब्दप्रयोग न करता ‘जनरल रजिस्टरप्रमाणे ऑनलाइन नोंद दुरुस्त करणे’ असा असावा, ही माझी खास विनंती आहे, कारण पहिला शब्दप्रयोग वाचून तिथेही पुन्हा राजपत्राचीच मागणी होण्याची शक्यता आहे. हे पत्र पालकाच्या हाती न देता शाळेने आपल्या जावक क्रमांकाने पाठवावे आणि मला त्याची प्रत द्यावी. नोंद शाळेच्या अभिलेखातली आहे, म्हणून ती दुरुस्त करून घेण्याची जबाबदारीही शाळेचीच आहे.

दुरुस्ती झाल्यावर आधार पडताळणी पुन्हा चालवावी. तारीख जुळली की दुरुस्ती योग्य झाल्याची खात्री त्याच क्षणी होते आणि अपार क्रमांकाचा अडथळाही दूर होतो. दुरुस्त नोंदीची छापील प्रत मला मिळावी, आणि रजिस्टरातील तिच्या ओळीशी ती ताडून पाहिल्याची मुख्याध्यापकांची सही त्यावर असावी.

मूल पहिलीत आहे, एवढी घाई कशासाठी, असे कोणी म्हणेल. घाईचे कारण असे की, ही नोंद आता मुलासोबत पुढे सरकत राहणार आहे. शाळा बदलली की ऑनलाइन नोंदच दुसऱ्या शाळेकडे वर्ग होते, आणि दहावीच्या परीक्षेचे आवेदनपत्रही याच माहितीवरून भरले जाते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वरील माहिती जनरल रजिस्टर नंबर एकप्रमाणे आहे’ असे मुख्याध्यापक लिहून देतात. संगणकातून काढलेल्या दाखल्यावर ११ ऑगस्ट छापून आले आणि खाली हे वाक्य राहिले, तर शाळाच आपल्या रजिस्टराविरुद्ध लिहून देईल. कायद्याच्या दृष्टीने शाळेच्या तारखेला किती वजन आहे, हेही मी समितीच्या निदर्शनास आणू इच्छिते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ नुसार वय ठरवताना शाळेचे जन्मतारखेचे प्रमाणपत्र किंवा दहावीचे प्रमाणपत्र प्रथम पाहिले जाते आणि ते नसेल तरच महापालिका किंवा ग्रामपंचायतीच्या दाखल्याकडे वळतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अपघाताच्या भरपाईच्या एका प्रकरणात मृताचे वय आधारवरून न धरता शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून धरले. म्हणजे शाळेचा शब्द उद्या इतर कागदांवर मात करू शकतो. हा शब्द चुकीचा असेल, तर खरा जन्मदाखला हातात असूनही मुलाला झगडावे लागेल.

दोन-तीन महिन्यांच्या फरकाने काय बिघडते, हे एका उदाहरणाने सांगते. आपल्या शेजारी साताऱ्याला सैनिक शाळा आहे आणि आपल्या तालुक्यातील अनेक मुले सहावीसाठी तिची प्रवेश परीक्षा देतात. सहावीसाठी वय प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ मार्चला दहा ते बारा असावे लागते. समजा, आजारपणामुळे वर्षभर उशिरा शाळेत आलेले, ३ मे २०१८ ला जन्मलेले एखादे मूल यंदा पहिलीत आहे. ते २०३० मध्ये सहावीत जाईल, तेव्हा ३१ मार्चला त्याचे वय अकरा वर्षे दहा महिने असेल आणि ते पात्र ठरेल. त्याची तारीख उलटून ५ मार्च २०१८ झालेली असेल, तर त्याच दिवशी त्याची बारा वर्षे उलटून गेलेली दिसतील आणि ते अपात्र ठरेल. असे मूल आपल्या वर्गात आहे की नाही, हे यादी रजिस्टरासमोर धरल्याशिवाय कळणार नाही. माझी मुलगी या मर्यादेत कोणत्याही तारखेने अडकत नाही, परंतु दोन कागदांवर दोन तारखा एवढ्या कारणावरूनही कागदपत्रांच्या पडताळणीत प्रवेश अडतो.

पुढील प्रवेशांसाठी एक व्यवस्था आताच करता येईल. जन्मतारखेचा रकाना भरण्यापूर्वी त्याचा प्रकार मजकूर असा ठरवावा आणि तारीख `08-Nov-2019` याप्रमाणे महिना अक्षरांत लिहून भरावी. महिना अक्षरांत असला की संगणकाची सेटिंग कोणतीही असो, दिवस आणि महिना यांची गल्लत होत नाही. आपल्या पूर्वीच्या मुख्याध्यापकांनी रजिस्टरात तारीख अक्षरी लिहिण्याची शिस्त इतकी वर्षे सांभाळली, म्हणूनच आज माझ्या मुलीची खरी तारीख सिद्ध करायला मला शाळेबाहेर जावे लागत नाही. ही शिस्त संगणकातही यावी. तिचे महत्त्व आता वाढणार आहे, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशासह अनेक कामांत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो. ही मुले जून २०२६ पासून बालवाडीच्या वयाची होत आहेत. त्यांच्याकडे जुळवून घ्यायला दुसरा कागद नसेल, त्यामुळे नक्कल बिनचूक करणे हे शाळेकडेच राहील.

सोबत जन्मदाखल्याची साक्षांकित प्रत, मुलीच्या आधार कार्डाची प्रत, प्रवेश अर्जाची माझ्याकडील पोचप्रत आणि यू-डायस प्लसमधील सध्याच्या चुकीच्या नोंदीची शाळेने दिलेली छापील प्रत जोडली आहे. जनरल रजिस्टरातील उतारा शाळेनेच काढून जोडावयाचा आहे. मुलीचे नाव आणि रजिस्टर क्रमांक शाळेकडे दिलेल्या प्रतीवर लिहिलेले आहेत आणि या खुल्या प्रतीतून ते वगळले आहेत.

हा अर्ज आवक नोंदवहीत घेऊन त्याचा क्रमांक मला कळवावा आणि व्यवस्थापन समितीच्या येत्या सभेत पहिलीच्या संपूर्ण वर्गाच्या तारखा ताडून पाहण्याचा विषय ठेवावा, ही विनंती. तक्ता तपासताना माझी मदत हवी असल्यास शनिवारी दुपारी शाळेत येऊन बसण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
इयत्ता पहिलीतील एका विद्यार्थिनीची आई
तालुका तासगाव, जिल्हा सांगली